मेमरी बंद करून विचारलं तेव्हा

निवृत्त माणसाला कोणी सल्ला मागत नाही, म्हणून तो स्वतःच सल्ले मागत फिरतो. मी एआयकडे मागायला लागलो. मुलीने फोनमध्ये अ‍ॅप टाकून दिलं आणि पहिल्याच दिवशी मी त्याला माझी साग्रसंगीत ओळख करून दिली. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही, जिने हाच माझा व्यायाम. टॉवर आवडत नाहीत, तिथे शेजारी मेला तरी वास आल्यावर कळतं. त्याला काय, सगळं मुकाट ऐकून घेतलं. आमच्या घरात असं कोणी ऐकत नाही.

सेटिंगमध्ये एक चौकट सापडली, उत्तरं कशी हवीत ते लिहायची. मी लिहिलं, ‘मला साहेब म्हणा. फाटे न फोडता ठाम उत्तर द्या.’ ऑफिस सुटल्यापासून साहेब म्हणणारा फक्त एक रिक्षावाला उरला होता, आणि तो सगळ्यांनाच म्हणायचा.

अशात कोलशेतला मुलीच्याच इमारतीत एक फ्लॅट भाड्यासाठी रिकामा झाला. नववा मजला, दोन लिफ्ट. मालकाला रविवारपर्यंत हो की नाही हवं होतं. बायकोला जायचं होतं. मला नव्हतं. घरात दोन मतं पडली की तिसऱ्याला विचारावं, या न्यायाने मी फोन काढला.

‘साहेब, तुमच्या सवयी आणि आवडी पाहता डोंबिवलीतच राहणं योग्य,’ उत्तर आलं. खाली कारणं होती. ओळखीचा परिसर, जिन्यांमुळे होणारी हालचाल, टॉवरमधला एकटेपणा. मी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं, निकालपत्र वाचावं तसं.

तिने चष्मा लावला, स्वतःचा फोन घेतला. तिच्या फोनवर तेच अ‍ॅप होतं, पण ती त्यात नातवाचे डबे आणि गुडघ्याचे व्यायाम विचारायची. पाच मिनिटांनी तिने वाचायला सुरुवात केली. नातवाचा सहवास, लिफ्टची सोय, मुलीचा आधार, तेव्हा कोलशेत.

मला पहिला संशय मुलीचा आला. तिने आईच्या फोनमध्ये काहीतरी करून ठेवलं असणार. मग वाटलं, या कंपनीचं कुठल्या तरी बिल्डरशी साटंलोटं असेल. बायकोचा संशय सरळ होता.

‘तुम्ही त्याला शिकवलंत.’

‘अगं, शिकवायला तो काय पोपट आहे?’

‘तुमच्यासमोर सगळे पोपटच होतात.’

शनिवारी मुलगी आली. तिने माझ्या सेटिंगमधलं मेमरीचं पान उघडलं. त्यात अ‍ॅपने माझ्याबद्दल लक्षात ठेवलेल्या गोष्टी ओळीने होत्या. वापरकर्त्याला टॉवर आवडत नाहीत. वापरकर्ता जिने चढणं हा व्यायाम मानतो. वापरकर्त्याचे सगळे मित्र डोंबिवलीत आहेत. माझ्यावर पाळत ठेवणाऱ्याने इतकं खरं लिहावं, याचा मला राग आला.

‘बाबा, हे सगळं तूच सांगितलंयस,’ मुलगी म्हणाली. ‘आईच्या फोनमध्ये आईने सांगितलेलं आहे. दोघांनी आपापल्या वकिलाला विचारलंत आणि आता न्यायाधीश लबाड आहे म्हणताय.’

मग तिने तात्पुरतं चॅट सुरू करून दिलं. त्यात जुनी मेमरी वापरली जात नाही, आधीच्या गप्पाही बघितल्या जात नाहीत. म्हणजे समोरचा आपल्याला प्रथमच भेटतोय. मी फोन घेतला आणि अगदी निःपक्षपाती प्रश्न टाइप केला: ‘उभं आयुष्य डोंबिवलीत काढलेल्या ज्येष्ठ माणसाला मुळापासून उपटून टॉवरमध्ये नेऊन ठेवणं योग्य आहे का?’

‘नाही, साहेब,’ उत्तर आलं.

मी विजयी मुद्रेने दोघींकडे पाहिलं. मुलगी मात्र स्क्रीनकडेच बघत होती.

‘हा साहेब कुठून आला?’

प्रथमच भेटलेल्या माणसाला माझा हुद्दा कसा माहीत? मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला, जसा काही तो बघत होता. मुलीने तो सुलटा केला, सेटिंगमध्ये शिरली आणि ती चौकट सापडल्यावर हसत सुटली. मेमरी बंद असली तरी या अ‍ॅपमध्ये चौकटीतल्या सूचना चालूच राहत होत्या. साहेबही मीच लिहिला होता आणि फाटे न फोडणारा ठामपणाही माझीच फर्माईश होती. तिने तेही बंद केलं.

‘आणि बाबा, तो प्रश्न होता की फिर्याद?’

‘मुळापासून उपटून,’ बायकोने चवीने म्हणून बघितलं. ‘वटवृक्ष आहेत ना.’

ठरलं, प्रश्न तिघांनी मिळून लिहायचा. कोणाला कुठे जायचंय ते लिहायचं नाही. नुसतं ‘एक जोडपं’. खरं भांडण तिथे सुरू झालं. मी लिहिलं, ‘पत्नीला गुडघ्याचा थोडा त्रास आहे.’

‘थोडा काढा,’ बायको म्हणाली.

‘मग काय प्रचंड लिहू?’

‘डॉक्टर काय म्हणाले ते लिही,’ मुलगी म्हणाली.

‘जिने शक्य तितके टाळा,’ बायको म्हणाली.

‘हे कधी म्हणाले?’

‘तुम्ही बाहेर स्कूटर लावत होतात तेव्हा. घरी आल्यावर सांगितलं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, डॉक्टर लोक असंच म्हणतात.’

मला आठवेना. पण वाक्य माझंच होतं, त्यात शंका नाही. मी ते टाइप केलं. मग मुलीने विचारलं, ‘आई, तू खाली किती वेळा जातेस?’

‘आठवड्यातून एकदा. भाजीवाला हल्ली टोपलीत देतो, दोरीने वर ओढते.’

ती टोपली मी रोज बघत होतो. मला वाटायचं, हौस आहे.

तेही लिहिलं. मग तिचं भजनी मंडळ लिहिलं, जे तळमजल्यावर जमायचं आणि जिथे ती हल्ली जात नव्हती. माझे मित्र लिहिले. नातू लिहिला, मुलीचं ऑफिस लिहिलं.

या वेळी उत्तर ठाम नव्हतं. जिन्यांचा प्रश्न खरा आहे, असं त्याने पहिल्यांदाच सांगितलं, आणि गुडघ्याबद्दल डॉक्टरांशी नीट बोला म्हणाला. मुलीजवळ राहण्याचे फायदे सांगितले. दिवसभर मुलगी ऑफिसात आणि नातू शाळेत असेल तर पत्नीला सोबत कोणाची, हेही विचारलं. आणि शेवटी एक ओळ होती: दोनच पर्याय आहेत असं धरून चालू नका, डोंबिवलीतच लिफ्ट असलेलं किंवा तळमजल्याचं घर भाड्याने मिळतंय का बघितलंत का?

नव्हतं बघितलं. माझ्या फोनला डोंबिवली म्हणजे तिसरा मजला माहीत होता, आणि तिच्या फोनला लिफ्ट म्हणजे कोलशेत.

तरी मी संशयाने म्हणालो, ‘गुडघ्याचं लिहिलं म्हणून हा तुझ्या बाजूने गेला.’

‘माझ्या बाजूने कुठे गेला? कोलशेत बाजूलाच राहिलं ना.’ बायकोने चष्मा काढून पुसला. ‘पण मंडळाचं मी माझ्या फोनला कधी सांगितलं नव्हतं. नवव्या मजल्यावर बसून मी कोणाशी बोलणार होते, त्याच्याशी?’

रविवारी तिनेच मालकाला नको म्हणून फोन केला. मुलगी थोडी रुसली. संध्याकाळी दोन गल्ल्या पलीकडचं तळमजल्याचं एक घर बघायला आम्ही निघालो. ती कठडा धरून उतरत होती, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची. मी सवयीने एक मजला खाली पोचलो होतो. तिथून वर बघत उभा राहिलो.

‘असे बघत थांबू नका,’ ती वरून म्हणाली. ‘मला घाई होते.’

मी परत वर गेलो आणि तिच्या मागे एकेक पायरी उतरायला लागलो.