रिकाम्या खाटांना ताप येत नाही

दुष्काळाच्या त्या वर्षांत आमच्या शहरात पाण्यापेक्षा इमारतीच जोरात वाढत होत्या. मी ज्या खासगी रुग्णालयात संख्याशास्त्राचं काम करत होते, त्यानंही बीड बायपासकडं काचेची नवी इमारत उभी केली होती. तिथले मजले निम्मे रिकामे. जुन्या इमारतीत मात्र खेड्यांतून आलेल्या पेशंटांसाठी व्हरांड्यात जादा खाटा टाकलेल्या, आणि हात धुवायचे तर टँकरची वाट बघायची.

संचालक नावाजलेले सर्जन. आकडे त्यांना फार प्रिय. फक्त ते त्यांच्या बाजूनं बोलायला हवेत. त्यांनी पुण्याहून एक सल्लागार आणला. रुग्णालयातच लागण झालेल्या जंतुसंसर्गाचा त्यानं दर वॉर्डाचा, दर महिन्याचा हिशेब मांडला, घटनांची मोजदाद करायला वापरतात ते पॉयसन रिग्रेशन चालवलं आणि थंडगार मीटिंग रूममध्ये निकाल जाहीर केला. जुन्या इमारतीत संसर्गाचा दर कितीतरी पट जास्त, आणि हा योगायोग असण्याची शक्यता नसल्यात जमा. शिफारस एकच: जुन्या इमारतीच्या इन्चार्ज सिस्टरना हटवा.

त्या सिस्टर मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. वीस-बावीस वर्षांची नोकरी, आणि आता हे.

"ऑफसेट काय घेतलात? दर कशाच्या मापानं काढलात?" मी विचारलं.

"मंजूर खाटा," सल्लागार म्हणाला. "महिन्याच्या दिवसांनी गुणून, लॉग घेऊन."

"रिकाम्या खाटाही?"

"बेड म्हणजे बेड, मॅडम."

मला हसू आलं, आणि मी ते लपवलं नाही. संसर्ग माणसाला होतो, गादीला नाही. किती पेशंट किती दिवस राहिले, म्हणजे रुग्णदिवस, यावर धोका ठरतो. मॉडेलमध्ये त्याचा लॉग ऑफसेट म्हणून घालायचा, त्याचा गुणक एकावर बांधून ठेवायचा. रुग्णदिवस दुप्पट तर अपेक्षित संसर्गही दुप्पट, एवढाच त्याचा अर्थ. या गृहस्थानं नव्या इमारतीतल्या हवेलाही पेशंट मानलं, आणि जुन्या इमारतीतल्या, मंजूर यादीत नसलेल्या व्हरांड्यातल्या खाटांवरच्या जिवंत माणसांना वगळलं. त्यांना झालेला संसर्ग तेवढा मोजला.

"करून दाखवा मग," संचालक म्हणाले. त्यांना वाटलं, मी गप्प बसेन.

पुढच्या आठवड्यात मी ऑफसेट बदलला. रुग्णदिवस घेताच दोन्ही इमारतींमधली दरी बरीच आटली, पण पॉयसन अजूनही छाती ठोकून सांगत होतं की फरक आहे. त्यालाही एक खोड आहे. सरासरी जेवढी, तेवढाच आकड्यांचा पसारा, म्हणजे व्हेरियन्स, असतो असं ते धरून चालतं. आमचा पसारा त्याच्या कितीतरी पट होता. कारण उघड होतं: संसर्ग एकेकटा येत नाही. एक महिना वॉर्ड कोरडा, पुढच्या महिन्यात एकाकडून शेजारच्याला, त्याच्याकडून पलीकडच्याला. असल्या ढिगाऱ्यांना पॉयसन लावलं की खोटा आत्मविश्वास मिळतो. मी निगेटिव्ह बायनोमियल वापरलं. त्यात पसारा सरासरीपेक्षा मोठा असायला मुभा असते. दरांचं गुणोत्तर फारसं हललं नाही, पण त्याभोवतीची अनिश्चिततेची पट्टी एवढी रुंदावली की 'काहीच फरक नाही' हेही तिच्या आत आलं.

तीच मीटिंग रूम, तीच बाटलीबंद पाण्याची रांग. सल्लागारानं आलेख पाहिला आणि म्हणाला, "बोर्डाला एवढं बारीक कळत नाही."

"म्हणूनच तुम्ही जाडं आणलंत," मी म्हणाले.

संचालक चिडले. "मग कोणती इमारत चांगली, ते तरी सांगा!"

"या माहितीवरून सांगता येत नाही. त्यातून जुन्या इमारतीत जास्त आजारी पेशंट येतात, ते या मॉडेलमध्ये धरलेलंच नाही. पण एवढ्यावर कुणाला हटवता येत नाही."

अज्ञान कबूल करणं त्यांना कमीपणाचं वाटे. चुकीची खात्री चालायची. तरी तिथं बसलेल्या, रुग्णालयाच्या बोर्डावरच्या एका वयस्कर डॉक्टरांनी विचारलं, "नव्या इमारतीत खाटा रिकाम्या आहेत, आणि इकडं व्हरांड्यात माणसं? हे कशासाठी?" यावर मॉडेल लागत नव्हतं.

बाहेर जिन्यात सिस्टरनी मला गाठलं. "म्हंजे आमची काय चूक नाय, व्हय ना मॅडम?"

"तसंही सिद्ध होत नाही, सिस्टर. चूक आहे, हे सिद्ध होत नाही, एवढंच."

"लई कंजूस हाय तुमचं शास्त्र," त्या म्हणाल्या, आणि वॉर्डाकडं गेल्या.

सिस्टरना हटवणं टळलं. महिन्याभरात नव्या इमारतीचा एक मजला कुरकुरत उघडला आणि व्हरांड्यातल्या खाटा तिकडं हलल्या. रुग्णालयाच्या छापील अहवालातून दोन्ही इमारतींच्या तुलनेचं पान गुपचूप गळलं. तिथं नव्या इमारतीचा फोटो आला, काचेवर ऊन पडलेला, खाली मोठ्या अक्षरांत: 'संसर्गमुक्तीकडे वाटचाल'.