बंद गळ्याचं ब्लाउज

तिकडे उत्तरेत, आलमबागच्या रेल्वे कॉलनीत, हिवाळ्यात सगळं जग गच्चीवर असायचं. धुक्यातून ऊन उशिरा यायचं आणि आलं की सुस्तावून पडून राहायचं. तिथे बायका माझ्याकडे ब्लाउजचे फोटो घेऊन यायच्या. फोटोवर मी बटर पेपर ठेवायची आणि पेन्सिलीने दागिने काढून बघायची. व्ही गळ्यात लोंबतं पदक, चौकोनी गळ्यात आखूड नेकलेस, बोट नेकला गळ्यात काहीच नको, कानांत मोठं. गळा भरला की कान शांत ठेवायचे, एवढीच माझी अक्कल. पण ‘दीदी, आप ही बताइए’ म्हटलं की मी काय फुगायची!

माझं लग्न ठरलं तेव्हा बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आईने गळ्यातलं सगळं काढून ठेवलं होतं. लग्नात नातेवाईक बायकांची नजर तिच्या मोकळ्या गळ्यावर जाणार, कुजबुज होणार, या विचाराने माझी झोप उडाली होती. मग मीच शक्कल लढवली. मोतिया रंगाच्या साडीवर तिला बंद गळ्याचं ब्लाउज शिवून घेतलं. बंद गळ्यावर काही घालायचंच नसतं, म्हणजे प्रश्नच मिटला. कानांत मात्र मोठे झुमके.

ते घालून तिने गच्चीवर फोटो काढून घेतला, निमूटपणे. रोल धुऊन आला. मी बटर पेपरवर झुमके काढले आणि मोठ्या ऐटीत तिच्यापुढे ठेवले. कुणाला कळणारसुद्धा नाही, म्हटलं.

आई बराच वेळ बघत राहिली. उन्हात तिचे डोळे मिटल्यासारखे दिसत होते. मला वाटलं, डुलकी लागली. मग तिने खोडरबर मागितलं आणि झुमके पुसले. पेन्सिलीने ब्लाउजला एक मोठा गोल गळा काढला, त्यात मानेलगत मण्यांची ओळ, आणि कानांत एवढ्याशा कुड्या. बाबांनी घेतलेली ठुशी होती ती, मी लगेच ओळखली.

“ठुशीला मोकळा गळा लागतो,” ती म्हणाली. “टेलरला सांग, कापून दे म्हणावं.”

“आई, लोक काय म्हणतील?”

“तुझे बाबा गेले गं. माझा गळा नाही गेला.”

संध्याकाळी ब्लाउज घेऊन टेलरकडे गेले. तो म्हणाला, बंद गळा कधीही उघडता येतो, चिंता नको.

लग्नाच्या सकाळी आई माझ्याकडे पाठ करून बसली. मी ठुशीचा गोंडा ओढला, मणी मानेला टेकले. मामी दारात थबकली आणि मग आत आली. आई म्हणाली, अजून थोडी आवळ, ते नेहमी घट्टच बांधायचे.