भिसेगावच्या जुळ्या आणि आमची एकत्र यादी

माझी नर्सरी कर्जतला, नणंदेची खालापूरला. दोघींनी मिळून एकच धंदा करायचं ठरवलं तेव्हा पाटी, टेंपो, खताचा साठा सगळं चटकन जुळलं. अडलं ते गिऱ्हाइकांच्या नावांपाशी. नव्या नर्सरीच्या उद्घाटनाचा निरोप सगळ्यांना मोबाईलवर पाठवायचा होता, आणि एकाच माणसाला तो तीनदा गेला तर माणूस वैतागतो.

लग्नाआधी मी रसायनीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर बसायचे, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. माझ्या यादीत नाव-आडनाव इंग्रजी अक्षरांत नीट होतं. नणंदेच्या फोनमध्ये मात्र 'मोहोपाडा गुलाबवाली', 'आंबा दोन कलमं', 'माथेरान हॉटेल कुंड्या' अशी माणसं राहत होती.

"अहो ताई, यांना नावं नाहीत का?"

"हायत की. पण मला ती झाडांवरून आठवतात."

आधी मी नंबर धुऊन घेतले. कुठे पुढे प्लस एक्क्याण्णव, कुठे शून्य, कुठे मध्येच मोकळी जागा. सगळं काढून शेवटचे दहा आकडे ठेवले. मग ताईंना आठवली तेवढी खरी नावं त्यांच्याकडून विचारून इंग्रजी अक्षरांत लिहिली, उरलेली माणसं झाडांच्याच नावाने ठेवली. नावांतून काका, वहिनी, शेठ गाळलं आणि आडनाव आधी की नंतर हा घोळ मिटवला. मूळ याद्या तशाच बाजूला जपून ठेवल्या. त्यानंतर एक छोटा प्रोग्रॅम लावला. एका नावाचं दुसरं नाव व्हायला किती अक्षरं बदलावी लागतात हे तो मोजतो, नंबरांचंही तसंच करतो, आणि जोडीला शंभरापैकी गुण देतो. नव्वदच्या वर गुण आले तर माणूस एकच, असं मी ठरवलं होतं. नंबर तोच पण नाव अगदीच वेगळं, अशा जोड्या मात्र आम्ही स्वतः बघणार होतो, कारण आमच्याकडे एका फोनवर अख्खं घर बोलतं.

'मोहोपाडा गुलाबवाली' माझ्या यादीतली एक शाळेतली बाई निघाली. नणंद इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

दोघींनी नजर टाकायची म्हणून एकत्र करायच्या जोड्या मी पडद्यावर लावल्या. त्यात भिसेगावची एक जोडी आली. आडनाव तेच, गल्ली तीच, नावात एका अक्षराचा फरक, नंबरात फक्त शेवटचा आकडा वेगळा. गुण भरपूर.

"लिहिताना चूक झालीय," मी म्हणाले. "करते एक."

"थांब गं वहिनी. दोन्ही नंबर लागतात का बघ तरी."

पहिला नंबर लावला. एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, हो, खालापूरहून जास्वंद नेली होती. मग दुसरा लावला. तोच आवाज.

"आत्ताच आपण बोललो ना?" मी विचारलं.

"नाय. ती माझी बहीण. आमी जुळ्या हाय." मागून दुसरं हसू ऐकू आलं. "बाबांनी एकाच दिवशी दोन सिम आणली, एकापाठोपाठच्या नंबरांची. तसंबी लहानपणापासून लोक आमाला एकच करतात. शाळेत केलं, सासरच्यांनी केलं. दोघी एका गल्लीत दिल्या ना, भावाभावांना. फोन करून विचारलं ते तुमीच पहिल्या."

फोन ठेवल्यावर मला एकदम उत्साह आला. नंबर तंतोतंत जुळला तर तो मोठा पुरावा. पण एका आकड्याने चुकलेला नंबर हा पुरावाच नाही, कारण दोन्ही नंबर चालू असू शकतात. मी नियम बदलला. नंबर पूर्ण जुळला आणि नावही जवळचं असलं तरच आपोआप एक; बाकी सगळ्या संशयित जोड्या आमच्यासमोर. मूळ याद्या होत्याच, त्यांवर प्रोग्रॅम पुन्हा चालवला. तेव्हा आणखी काही माणसं सुटी झाली: चौकजवळचे दोन चुलतभाऊ, आणि एक सासू-सून, जिथे सुनेचं नावही लग्नात सासूच्या नावाशी मिळतंजुळतं ठेवलं होतं.

दुपारभर आम्ही फोन करत बसलो. कामासाठी लावलेला फोन झाडांच्या चौकशीवर जायचा. कुणाचा मोगरा फुलत नव्हता, कुणाच्या लिंबाला पहिली फळं धरली होती. नणंद एकेकीला उपाय सांगायची आणि मी नावांपुढे खुणा करायचे. इतकी मजा मला कारखान्यातल्या पूर्ण नोकरीत आली नव्हती.

उद्घाटनाला त्या जुळ्या आल्या. एकीने हिरवी साडी नेसली होती, दुसरीने पिवळी.

"आज तरी ओळखा," हिरवी म्हणाली.

नणंदेने दोघींना बसवलं, चहा दिला, आणि नावांनी हाक मारली. चुकीच्या. दोघी पोट धरून हसल्या. मग त्यांनी पांढऱ्या चाफ्याचं एकच रोप मागितलं, दोन घरांमधल्या अंगणात लावायला.