तिळाच्या अलीकडची रेघ

सर्जिकल वॉर्डात दोन सिस्टर होत्या, एक थोरली आणि एक धाकटी. दोघींचं नातं काही नव्हतं, पण सगळा वॉर्ड त्यांना याच नावांनी ओळखायचा. सकाळपाळी थोरलीची, दुपारपाळी धाकटीची. एकीची एक्झिट आणि दुसरीची एंट्री यांच्यामधली ती पाच-दहा मिनिटं म्हणजे हॅंडओव्हर. थोरलीला ही मिनिटं अख्ख्या पाळीपेक्षा महत्त्वाची वाटत. रंगमंचावरचं पात्र निघून जाताना पुढच्याच्या हाती नीट सूत्र देऊन गेलं नाही, तर पुढचा प्रवेश कोसळायला कितीसा वेळ लागतो?

तिची हॅंडओव्हरची नोट हा सगळ्यांच्या थट्टेचा विषय. इतर जणी चार ओळी लिहून मोकळ्या होत, हिची दोन पानं भरत. "थोरलीची कादंबरी आली का?" असं धाकटी रोज विचारायची आणि रोज शेवटपर्यंत वाचायची. घरीही तेच. तिचा नवरा पाहुण्यांना हसत सांगायचा, "ही माहेरी गेली तरी फ्रिजवर चिठ्ठी असते. दूध तापवलंय, साय डावीकडच्या वाटीत, उजवीकडच्या वाटीत कालची आहे, ती आधी संपवा."

तिचे वडील गवंडी होते. भिंत डोळ्यांना सरळ दिसत असली तरी ते ओळंबा सोडून पाहत. "डोळा मालकाला खूश करतो गं, दोरी खोटं बोलत नाही," असं म्हणत. लेकीने वीट-सिमेंट सोडून इस्पितळ धरलं, पण दोरी काही हातची सुटली नाही.

त्या आठवड्यात खिडकीजवळच्या खाटेवर शिंपीकाका होते. म्हातारे, शुगरवाले, जिभेला कात्रीची धार. पोटरीत मोठं गळू झालं होतं. ते फोडून, आतला घाण भाग काढून जखम उघडी ठेवली होती, म्हणजे तळापासून भरत वर येईल. थोरलीने प्रत्येक ड्रेसिंगच्या वेळी फोटो काढला होता. पाय त्याच उशीवर, खिडकीचा उजेड त्याच बाजूने, जखमेशेजारी तारीख घातलेली कागदी मोजपट्टी. पहिल्या फोटोत जखमेची लांबी सव्वासहा सेंटिमीटर, आज पावणेपाच. खोली दीडवरून एकवर आली होती. तळाला लालबुंद, दाणेदार मांस धरलं होतं. फोटो ओळीने लावले तर जखम हळूहळू डोळा मिटतेय असं वाटे.

"बघा ताई, काज आपोआप बुजतंय," काका म्हणाले. "उद्या घरी. माझी लेक बाळाला घेऊन येतेय. दारात मी उभा पाहिजे."

"पाय काय म्हणतो बघू आधी," थोरली म्हणाली.

पाय वेगळंच म्हणत होता. जखम छान होती, पण तिच्या खाली, घोट्याच्या दिशेने, कातडीवर एक फिकट लाली पसरली होती. हात लावला तर किंचित गरम. काका म्हणाले, दुखत नाही. पण शुगरमुळे त्या पायाची जाणीवच कमी झालेली, तेव्हा त्या 'नाही'चा भरवसा नव्हता. चिकटपट्टीने कातडी चिडली असेल, किंवा आत काही शिजत असेल. नुसतं बघून सांगता येईना.

राउंडला आलेल्या सर्जनबाईंनाही तसंच वाटलं. "लालीभोवती रेघ मारा. तिच्या आत राहिली तर उद्या घरी. ओलांडली की मला लगेच बोलवा, संध्याकाळची वाट बघू नका."

थोरलीने जांभळ्या मार्करने लालीच्या कडेकडेने रेघ मारली, बाजूला तारीख-वेळ घातली, फोटो काढला आणि नोट लिहायला बसली. मापं लिहिली. मग धोक्याच्या खुणा: लाली रेघेबाहेर जाणे, सूज, पू किंवा वास, ताप, शुगर अचानक चढणे. शेवटी लिहिलं, 'घोट्यावर तीळ आहे. रेघ तिळाच्या दोन बोटं वरून जाते. तीळ रेघेच्या बाहेर.'

दुपारी दोघी खाटेशी उभ्या राहिल्या. शिंपीकाका शहाण्या मुलासारखे पडून होते, हेच खरं तर खटकायला हवं होतं.

थोरलीने पायाकडे नजर टाकली. लाली रेघेच्या आत. "चला," ती पर्स उचलत म्हणाली, "काकांची गाडी उद्या सुटणार बहुतेक."

धाकटी मात्र अजून कादंबरी वाचत होती. "तीळ रेघेच्या बाहेर," तिने मोठ्याने वाचलं आणि वाकून पाहिलं. "ताई, तीळ आत आहे."

थोरलीने पर्स खाली ठेवली. वॉर्डच्या टॅबवर सकाळचा फोटो उघडून पायाशेजारी धरला. फोटोत तीळ एकटाच गोऱ्या कातडीवर बसलेला, आता लालीच्या आत. आणि त्याच्याही खाली, सुबक, शिंप्याच्या हातची, एकही वळण न चुकलेली जांभळी रेघ. बाजूच्या कपाटावर सकाळी तिच्याकडूनच राहून गेलेला मार्कर पडला होता. शेजारी स्पिरिटचा बोळा, जांभळा झालेला.

"काका."

काका छताकडे बघत राहिले. "शिवण जरा सैल केली, एवढंच," ते हळूच म्हणाले. "अंगाला घट्ट होत होती."

"कापड वाढत चाललंय काका, आणि तुम्ही माप लपवताय," थोरली म्हणाली. आवाज चढला नाही. "उद्या दारात उभं राहायचंय ना? मग त्यासाठी पाय लागेल."

धाकटीने ताप मोजला, थोडा होता. शुगर चढलेली. थोरलीने फोन लावला. सर्जनबाई दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होत्या, निरोप देतो असं तिकडून सांगितलं.

"निरोप नको, त्यांच्या कानाला फोन लावा," थोरली म्हणाली. "सकाळी मारलेली रेघ लालीने तीन बोटं ओलांडलीय. ताप आहे. मी इथेच थांबतेय."

"ताई, तुमची बस जाईल," धाकटी म्हणाली.

"जाऊ दे. ती उद्याही येते."

सर्जनबाई आल्या. लालीवर दाबून पाहिलं, तर जखमेच्या कोपऱ्यातून पू वर आला. कडेखालून, आतल्या आत, एक बोळ घोट्याकडे गेला होता. वरून मिटत आलेल्या जखमेखाली पुवाची दुसरी खोली तयार होत होती. त्यांनी लगेच ऑपरेशन थिएटर तयार करायला सांगितलं. "रात्र गेली असती, तर पायावर बेतलं असतं," त्या काकांना म्हणाल्या.

पू निघाला, औषध बदललं, पाय राहिला. काका दारात काही उभे राहू शकले नाहीत. लेकीने बाळाला इस्पितळाच्या अंगणात आणलं आणि धाकटीने काकांना चाकाच्या खुर्चीतून अंगणाकडच्या खिडकीशी नेलं. तिथून दिसलं ते एक टोपडं आणि एक जांभई. काका नाक पुसत म्हणाले, "टोपडं मोठं झालंय. माप कुणी घेतलं?"

दुसऱ्या सकाळी थोरलीने नवी रेघ मारली. लाली मागे हटत होती. तिने नोटमध्ये लिहिलं, 'आधीची रेघ पेशंटने स्वतः हलवली होती. मार्कर खाटेजवळ ठेवू नये. त्या दिवशी माझ्याकडून राहिला होता.'

"हेही लिहिलंत?" काकांनी मान उंचावून विचारलं.

"लिहिलं. दुपारी धाकटी मोठ्याने वाचेल."

काकांनी पाय उशीवर नीट ठेवला, सकाळच्या उजेडाकडे वळवला आणि कागदी पट्टी स्वतःच जखमेशेजारी ताणून धरली.

"घ्या फोटो," ते म्हणाले. "तारीख घातली का?"