ताटावर आडवा हात

आज आईचं वर्षश्राद्ध. सकाळी चुलीवरच्या तांदळाच्या भाकरीचा वास आला आणि हॅना आठवली.

हॅना माझी खालापूरच्या कारखान्यातली जर्मन सहकारी. खूप वर्षांपूर्वी आमच्या कडावच्या घरी जेवायला आली होती. मी चमचा ठेवला होता, पण ती हातानेच जेवली. ताटात काही टाकायचं नाही, हे तिच्या घरचं वळण. ती ताट साफ करायची आणि आई पुन्हा वाढायची. तिसऱ्या भाकरीला तिचा चेहरा बघून मी हळूच सांगितलं, "पुरे झालं की ताटावर हात आडवा धर. रिकामं ताट दिसलं की आई वाढणारच."

तिने विचारलं, "आई कधी जेवणार?"

"पाहुण्यांचं झाल्यावर. तसंच तिला बरं वाटतं."

हॅना आईकडे बघत राहिली. विषय बदलावा म्हणून ती नेहमी सांगायची त्या तिच्या घरच्या सफरचंदाच्या झाडांचं मी विचारलं. ती म्हणाली, "झाडं आहेत. आई गेली. तीसुद्धा सगळ्यांच्या शेवटी जेवायची."

मग हात धुऊन तिने आईला बसवलं आणि वाढायला घेतलं.

"नाय गं, पावण्यानं वाढायचं नसतं," म्हणत आई बसली. थोड्या वेळाने तिने ताटावर हात आडवा धरला, तरी हॅनाने बोटांच्या फटीतून वालाचं बिरडं वाढलंच. आई किती हसली!

आज आईच्या नावाचं ताट मी वाढलं. भात वाढतच राहिलो. कोणी हात आडवा धरला नाही.