नसीमाचा आवाज

दुसरबीडच्या रस्त्यावर नसीमा आणि तिचा नवरा शाकिर यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं. मागच्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीची बोंडं आतून पोखरली, तेव्हापासून गिऱ्हाईक कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नव्हतं. यंदा नसीमानं कामगंध सापळे मागवले. मादीच्या वासाची गोळी आत ठेवली की नर पतंग येऊन अडकतात, आणि अळी येण्याआधीच शेतकरी सावध होतो.

सापळ्यांच्या कंपनीच्या कुशलनं जाहिरातीचा झकपक व्हिडिओ पाठवला. नसीमानं तो गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत एकही फोन आला नाही. शेजारच्या शेतकरी कोकिळाबाईंच्या फोनवर तिनं स्वतः पाहिलं. व्हिडिओवर नुसतं चाक फिरत होतं. शेतात रेंज जेमतेम, आणि एवढं मोठं काही उतरवून घ्यायला कोण थांबणार?

मग तिनं व्हिडिओऐवजी आपल्या आवाजात निरोप रेकॉर्ड करून पाठवायचं ठरवलं. पहिला निरोप तिनं रेडिओवरच्या बाईसारखा, शुद्ध भाषेत, चांगला तीन मिनिटांचा बोलला. तो उघडला खरा, पण कोकिळाबाई म्हणाल्या, "मले वाटलं कोनी तालुक्याची मॅडम बोलून राह्यली. अर्ध्यातच बंद केला मी."

नसीमा दुपारभर दुकानामागं बसून काटछाट करत राहिली. अर्ध्या मिनिटाचा निरोप उरला. सोबत सापळ्याचा एकच फोटो, तोही बारीक करून.

"मी दुसरबीडची नसीमा. कपाशी दीड महिन्याची झाली असन तं एकरी दोन सापळे लावा. रोज सकाळी पतंग मोजा. सापळा अळी मारत नाही, खबर देते. समजून घ्याचं असन तं दुकानाच्या नंबरवर मिस कॉल द्या."

कुशलनं ऐकलं आणि 'मारत नाही' हे काढून 'बोंडअळी खतम' घालायला सांगितलं. असं उलटं बोलून माल खपेल, हे शाकिरलाही पटत नव्हतं.

नसीमा हटली नाही. "बीटीले बोंडअळी लागतच नाही, हे बी लोकायनं आपल्याच काउंटरवर आयकलं होतं," ती म्हणाली. "आता माह्या आवाजात खोटं जानार नाही."

निरोप तसाच गेला. संध्याकाळी मिस कॉल येऊ लागले. बरेचसे बटणाच्या फोनवरून होते. कोणीतरी निरोप ऐकून नंबर पुढं सांगितला होता. तिनं एकेकाला उलटा फोन लावला. काहींनी नुसती चौकशी केली, काहींनी दुसऱ्या दिवशी येऊन सापळे नेले. सगळे काही खपले नाहीत.

पंधरवड्यानं शेषराव नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. "ताई, तीन दिवसांपासून सापळ्यात रोज धा-बारा पतंग भेटून राह्यले. आता काय करू?"

सलग तीन दिवस एवढे पतंग म्हणजे धोक्याची खूण होती. नसीमानं त्यांना आधी फुलं आणि हिरवी बोंडं फोडून आत अळी आहे का ते पाहायला सांगितलं, कृषी सहायकाचा नंबर दिला. फोन ठेवल्यावर तिनं शाकिरला गल्ल्यावर बसवलं आणि हाच सवाल घेऊन दुसरा निरोप बोलायला ती दुकानामागं गेली.