फोटोतल्या लेबलवरचे चार तारे

हिंगणघाटात माझं फ्रीज दुरुस्तीचं दुकान होतं. आपल्याकडच्या फ्रीजवर ताऱ्यांचं लेबल नुकतंच आलेलं, आणि कंपनीच्या एक दिवसाच्या शिबिरात फुकट जेवून मी ताऱ्यांचा जाणकार झालो होतो. ताई तेव्हा नवऱ्याच्या नोकरीपायी इंग्लंडात पोचून आठवडाही झाला नव्हता. भाचीला मधुमेह; तिचं इन्सुलिन बर्फाच्या डब्यात ठेवून दिवस काढणं चाललेलं. फ्रीज त्याच दिवशी हवा होता.

तिथल्या दुकानातून तिनं एका फ्रीजच्या लेबलचा फोटो ईमेलवर पाठवला. दाराला पट्टी बांधलेली, उघडू देत नव्हते. मी सायबर कॅफेत फोटो छापून घेतला आणि तिथूनच फोन लावला.

"ताई, चार तारे हायेत. वर्षाले दोनशे युनिट, नव्वद लिटर. डोळे मिटून घे."

घेणारीनं नव्हे, पाहणाऱ्यानंच डोळे मिटले होते. संध्याकाळी फोटो ऐटीत बायकोपुढे ठेवला.

"अहो, लिटरच्या दोन ओळी दिसून राह्यल्या," ती म्हणाली. "नव्वद तं फ्रोजनच्या पुढं हायेत. फ्रेश फूडच्या पुढं नुसती रेघ. मंग दूध कुठं ठेवाचं?"

मी फोटो ओढून दिव्याखाली धरला. आमच्याकडे फ्रीज म्हणजे वर बर्फखाना, खाली भाजी. घरात नुसता बर्फखाना कोणी घेतो हे मी ऐकलंच नव्हतं. ते कपाट अख्खं बर्फाचं होतं. आणि तारे विजेच्या बचतीचे नव्हते, गारठ्याचे होते. चार म्हणजे शून्याखाली अठरा अंश. बचत सांगणारं अक्षर वेगळंच, वर बाणात छापलेलं, ते मी नक्षी समजून सोडलं होतं.

गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला पुष्कळदा जसंच्या तसं असतं, पण कामातून गेलेलं असतं. एका औषधाच्या दुकानातला फ्रीज दुरुस्त करताना हे मला कळलं होतं. पोरीला सुई टोचतील, साखर उतरणार नाही, आणि का ते कोणालाच कळणार नाही.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. घामानं बटणं निसटत होती.

चौथ्यांदा ताईनं उचलला. "काऊन रे, आंघोळीले गेलती."

"इन्सुलिन कुठं हाय?"

"बर्फाच्या डब्यात. फ्रीज अजून लावलाच कुठं? तूच तं म्हनलं होतं, गाडीतून आला की चार तास उभा राहू देजो, मंगच लावजो. अजून अर्धा तास हाय."

हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो; हलवाहलवीनंतर आतलं तेल खाली बसावं लागतं. तिलाही सवयीनंच सांगितलं असणार. मला आठवतही नव्हतं.

"लावू नको," मी म्हणालो, आणि भिंतीला टेकून तिला सगळं सांगितलं.

ऐकून ती म्हणाली, "उद्या बदलून आनतो. नव्याचा फोटो तुह्या बायकोच्या नावानं पाठवतो. तू फक्त छापून दे."